तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

सांगलीत एका करवकिलांकडे मी उमेदवारी करत होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. लांबलचक उत्तरं छाटण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं, आणि याचा मला भारी तोरा होता.

आयकराच्या नोटिशीत पाच प्रश्न असले की अशिलाकडून पंधरा पानं यायची. वकीलसाहेबांचा दंडक होता: अधिकाऱ्याच्या प्रश्नाचा क्रमांक तोच आपल्या उत्तराचा क्रमांक, उत्तर चार ओळींत, आणि शेवटी कुठल्या परिशिष्टातलं कुठलं पान ते. "बाकीचं रडगाणं काढून टाक," ते म्हणायचे. पद्धत चोख होती. आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार सांगलीत हळद दळायची गिरणी चालवत होते. त्यांनी नवं यंत्र घेतलं आणि नोटीस आली. त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा पानं लिहून आणली. अक्षर लष्करी शिस्तीचं, पण मजकुराला काही शिस्त नव्हती. पहिलं पान भरतीपासून सुरू झालं होतं.

मी कात्री चालवली. यंत्र कितीला घेतलं? परिशिष्ट एक, पावती. बँकेतल्या रकमा कुठल्या? परिशिष्ट दोन, खातेउतारा. घरखर्च, शेतीचं उत्पन्न, सगळ्याला कागद होते, सातबारासुद्धा. राहिला तिसरा प्रश्न: यंत्रासाठी दिलेली रोख रक्कम आली कुठून? त्याला मी लिहिलं, "पूर्वीच्या बचतीतून," आणि पेन्शनचे कागद परिशिष्ट तीन म्हणून जोडले.

आठवं आणि नववं पान सगळं त्यांच्या बायकोबद्दल होतं. ती गेल्याला वर्ष झालं नव्हतं. ती पाचगणीच्या शाळेच्या भटारखान्यात राबली, थंडीत तिचे हात फुटायचे, असं बरंच काही. मी दोन ओळी वाचल्या आणि दोन्ही पानांवर तिरकी रेघ मारली. रडगाणं!

इंग्रजीत टाइप केलेलं दीड पानाचं उत्तर सुभेदारांपुढे ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "धाकलं वकीलसाहेब, तिचं आलं का ह्यात?"

"आलं, सगळं आलं," मी म्हणालो. बाहेर तीन अशिलं ताटकळली होती.

त्यांनी सही केली.

आदेश आला तेव्हा चार प्रश्न सुटले होते. तिसऱ्यावर अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की पेन्शनमधून एवढी बचत होणं शक्य नाही, सबब ही रक्कम दडवलेलं उत्पन्न. वर दंडाची नोटीस. सुभेदार आदेश घेऊन आले आणि म्हणाले, "आवं, पण तिचं पोस्टाचं पुस्तक हाय की ट्रंकेत. मी लिवलं व्हतं न्हवं?"

मी ती अकरा पानं काढली. नवव्या पानाच्या तळाशी, माझ्या तिरक्या रेघेखाली, स्वच्छ लिहिलेलं होतं: पगार पोस्टात साठवला, यंत्र घेतलं त्याच आठवड्यात तिनं सगळा काढून दिला, पासबुक घरी आहे.

अपिलात नवा कागद दाखवायचा तर तो आधी का दाखवला नाही, याचं सबळ कारण द्यावं लागतं. खरं कारण एकच होतं आणि ते मी होतो. मी वकीलसाहेबांना म्हणालो, मी प्रतिज्ञापत्र देतो. ते म्हणाले, "ऑफिस बंद करायचंय का? पासबुक गहाळ होतं, नंतर सापडलं, असं लिही." मी लिहिलं. भ्यालो, म्हणून लिहिलं. दुसरं कारण नाही.

अपिलाचे मुद्देही क्रमांकानं मांडले. मुद्दा एक: पत्नीची बचत, परिशिष्ट एक, पान दोनवरची नोंद. मुद्दा दोन: अर्जदाराच्या हलगर्जीपणामुळे हे पासबुक वेळेत सापडलं नाही.

सुभेदारांनी पेन हातात घेतला. "आता तिचं आलं का?"

"आलं." या खेपेला ते खरं होतं.

"कुठं?"

मी पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं. त्यांनी ती इंग्रजी अक्षरं पुन्हा पुन्हा पाहिली. "एक लंबरला घातलं तुमी तिला," ते म्हणाले. "लय उपकार झालं." आणि दुसऱ्या मुद्द्याखाली सही केली.

स्वतःच्या ट्रंकेतलं पुस्तक न सापडणं हे सबळ कारण नव्हे, असं म्हणून अपील फेटाळलं गेलं. त्या उन्हाळ्यात कर आणि दंड भरायला सुभेदारांनी यंत्र विकलं. दिवाळीला त्यांनी ऑफिसात हळदीची पुडी आणून दिली, माझ्यासाठी वेगळी बांधलेली. मी ती घरी नेली आणि कधीच उघडली नाही.