एक खेळाडू ऑनलाइन

माझं कामच बघत बसण्याचं आहे. बेलापूरच्या एका ऑफिसात मी आणि आणखी काही जण मोठ्या पडद्यांसमोर बसून दुसऱ्यांचे सर्व्हर नीट चाललेत ना, एवढंच बघतो. सगळं नीट असेल तर आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. काही बंद पडलं की मात्र सगळ्यांना आमची आठवण येते. घरी आल्यावर तेच काम मी फुकटात करायचे, कारण आमचा स्वतःचा, घरगुती असा एक सर्व्हर होता.

लॉकडाउनमध्ये भावंडांच्या ग्रुपवर कुणीतरी टूम काढली की आपण सगळ्यांनी मिळून तो चौकोनी ठोकळ्यांचा खेळ खेळू. सर्व्हर भाड्याने घ्यायचा, आणि तो सांभाळायचा कोणी, तर घरात एकच गाढव होतं. मी. मामेभावंडं, मावसभावंडं, त्यांची पोरं असे सगळे त्यात घुसले आणि त्यांनी आमचं आजोळ बांधायला घेतलं. आपटा. पाताळगंगा, तिच्यावरचा पूल, स्टेशन, नदीकाठचे धुण्याचे दगड. नदी कुठून वळते यावरून दोन मामेभाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

मी रीतसर देखरेख लावली. दर मिनिटाला सर्व्हरला विचारायचं, जिवंत आहेस का? लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर माझ्या फोनवर मेसेज. प्रोसेसर किती दमलाय, मेमरी किती भरलीय, तारेवरून किती माहिती जातेय, यांचे ग्राफ. आणि सगळ्यात खाली आत किती खेळाडू आहेत त्याचा ग्राफ. एकदा मावशीच्या नातवाने आत इतक्या कोंबड्या वाढवल्या की प्रोसेसरची रेघ छताला टेकली. मी उरणनाक्यावर भाजी घेत होते. एका हातात मेथी आणि दुसऱ्या हातात फोन धरून मी त्याला कोंबड्या मारायला लावल्या. तो रडला. भाजीवालीने माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं.

पोरं जेवायला उठली की खेळ त्यांना आपोआप बाहेर काढायचा आणि मग फोनवर बोंबाबोंब व्हायची. म्हणून मी ते बाहेर काढणंच बंद करून टाकलं. राक्षस वगैरेही बंद केले. आमच्या आपट्यात कुणी कितीही वेळ नुसतं उभं राहावं, कुणी काही करत नसे.

लॉकडाउन संपला आणि खेळाडूंचा ग्राफ ओसरत गेला. शाळा उघडल्या, ऑफिसं उघडली, एक भाऊ परदेशी गेला. शेवटी उरला फक्त दादा, माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा तळोज्याला राहायचा. तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी, नव्या वसाहतीत दोन खोल्या. वहिनी काही वर्षांपूर्वी सोडून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही, गेली. त्यानंतर दादा मिटत गेला. फोन केला तर हं, हं करायचा आणि ठेवायचा. आई माझ्याकडे नवीन पनवेलला, तळोजा काही लांब नाही, पण त्याला कुणी घरी आलेलंही नको असायचं. सणाला यायचा, जेवायचा, जायचा.

मी एकदा म्हटलं, "दादा, आता तू एकटाच असतोस. बंद करू का सर्व्हर?"

"असू दे," तो म्हणाला. "पूल राहिलाय."

"मग फोन तरी उचलत जा. आईला काळजी वाटते."

"फोन कशाला? मी आलो की तुझ्या त्या ग्राफवर दिसतंच ना? आलो म्हणजे ठीक आहे."

मला राग आला होता, पण त्याचं म्हणणं मी निमूटपणे अमलात आणलं. सगळे लोक काही बिघडलं की मेसेज येईल अशी सोय करतात. मी शून्याचा एक झाला की मेसेज येईल अशी केली. 'एक खेळाडू ऑनलाइन.' शिफ्टप्रमाणे वेळ बदलायची, पण यायचा रोज. तास-दोन तास रेघ वर, मग पुन्हा खाली.

आईला ग्राफ वगैरे काही कळत नव्हतं. ती पोळ्या लाटता लाटता विचारायची, "आला का तो?" मी फोन बघून म्हणायचे, "आला." मग ती निश्चिंत होऊन टीव्ही लावायची. आमचं तिघांचं बोलणं असं चालायचं आणि खरं सांगते, मला ते पुरेसं वाटायचं. कधी कधी मी इतर ग्राफही बघायचे. दादा खेळात चालत असला की सर्व्हरला नवा नवा प्रदेश त्याच्याकडे पाठवावा लागतो, त्यामुळे माहितीची रेघ उड्या मारते. उड्यांवरून कळायचं, आज नदीच्या वरच्या अंगाला फिरतोय. आणि छोटी छोटी थरथर असली की एका जागी पूल बांधतोय.

त्या शनिवारी त्याला सुट्टी होती. सकाळी नाश्त्याच्या वेळीच मेसेज आला. दुपारी बघितलं, एक. संध्याकाळी बघितलं, एकच.

"आला का तो?" आईने विचारलं.

"सकाळपासून आहे. आज मुक्कामच ठोकलाय."

आई हसली. "बरं आहे. मन रमतंय. जेवायला उठला असेल ना?"

"उठला असेल गं."

आम्ही दोघी त्या संध्याकाळी आनंदात होतो, हे मला अजून सहन होत नाही. आईने शेवयांची खीर केली. तिची खात्री होती की हा माणूस आता पुन्हा माणसात येणार.

रविवारी सकाळी चहा घेताना फोन पाहिला. अजून एक. मी माहितीचा ग्राफ उघडला. शनिवारी सकाळी उड्या होत्या, मग थरथर होती, आणि दुपारच्या आधी कधीतरी ती रेघ सपाट झाली होती. तिथून पुढे इस्त्री केल्यासारखी. प्रोसेसरही तसाच, शांत. आत एक जण होता आणि तो हलत नव्हता. सर्व्हरच्या नावापुढचा ठिपका हिरवागार होता. बंद पडलेल्या गोष्टींसाठी मी सतरा प्रकारचे मेसेज लावले होते आणि इथे काहीच बंद पडलेलं नव्हतं. नेमकी त्या दिवशी तळोज्याची लाईटसुद्धा गेली नाही.

दादाने फोन उचलला नाही. त्यात नवीन काही नव्हतं. आईला मी खोटंच सांगितलं, ऑफिसातून बोलावलंय म्हणून. रिक्षात बसून तळोज्याला जाईपर्यंत फोन हातातच होता आणि त्याच्यावर एक, एक, एक.

शेजारच्या बाई दारातच मासे निवडत बसल्या होत्या. मूळच्या उरणकडच्या. दादाची एक चावी त्यांच्याकडे असायची. मला बघून हात पुसत उठल्या.

"ताई, काल सकालपासून लाईट चालू हाय, पंखा चालू हाय. आवाज नाय, पण दादांचा आवाज कवा असतोय? आमी म्हनलं, हाय घरात."

"मीही तेच म्हटलं," मी म्हणाले.

तो खुर्चीतच होता. मान थोडी कलली होती, हात टेबलावर. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि मला कळलं. बाईंनी मला मागून धरलं. समोरच्या पडद्यावर आपटा होता, भर दुपारचं ऊन होतं आणि पूल पलीकडच्या काठापासून थोडा अलीकडे थांबला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. काल दुपारच्या सुमारास, फार त्रास झाला नसावा. नंतर पोलिसांतले एक जण कागदावर लिहून घेत होते. सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?" मी त्याला काल दिवसभर बघत होते. आज सकाळीही बघितलं होतं. शेवटी गणपतीत, असं म्हणाले, आणि ते लिहून घेतलं गेलं.

जाण्याआधी त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. मीच खेळातून बाहेर पडले. दुसऱ्याच क्षणी ग्राफवर एकाचा शून्य झाला असणार. मी बघितलं नाही.

सर्व्हर मी बंद केला नाही. कारण काही मोठं नाही, तो बंद करण्याचं बटण मला दाबवत नव्हतं. मध्ये बरेच महिने गेले. आई बरीचशी सावरली, म्हणजे पोळ्या लाटताना काही विचारायचं नाही याची तिने सवय करून घेतली. मग एका रविवारी मी ग्राफ उघडून बसले असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"यातच दिसायचा का तो?"

मी म्हटलं, हो, आणि वर्षभराचं चित्र काढून दिलं. काढल्यावर माझ्या लक्षात आलं की काय झालंय. हे ग्राफ मिनिटामिनिटाचा हिशेब फार दिवस ठेवत नाहीत. जुनं झालं की जागा वाचवायला अख्ख्या दिवसाचा एकच ठिपका करतात आणि त्यात दिवसभराची सरासरी असते. चोवीस तासांत तास-दोन तास आलेल्या माणसाची सरासरी किती असणार? त्याच्या सगळ्या संध्याकाळी तळाला चिकटून गेल्या होत्या, असून नसल्यासारख्या. वर उठून दिसत होते ते फक्त शेवटचे दोन दिवस. तो खुर्चीत होता ते.

आईने चष्मा लावला, वाकून बघितलं आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"हे बघ, इथे किती वेळ खेळलाय," ती म्हणाली. "बाकीचे दिवस काही फारसा येत नव्हता की गं."

मला रडू फुटलं. आई गोंधळली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. या यंत्राला मेलेला माणूस दिवसभर दिसला होता आणि जिवंत माणूस त्याने पुसून टाकला होता, हे मी तिला कसं सांगणार?

मग मला आठवलं की सरासरीच्या जोडीला दिवसातला सगळ्यात मोठा आकडाही ते साठवत असतात. सर्व्हर किती ताण सोसू शकतो ते बघायला आम्ही ऑफिसात तोच वापरतो. मी डोळे पुसले आणि 'सरासरी'च्या जागी 'कमाल' निवडलं.

चित्र बदललं. डावीकडून थेट त्या रविवारपर्यंत एक सरळ रेघ आली, एकाच्या उंचीवर, कुठेही न तुटता. शेवटचे दोन दिवस त्यात मिसळून गेले. शोधूनही सापडले नसते.

रेघ जिथे संपत होती तिथपर्यंत आईने बोट नेलं आणि थांबवलं.

"रोज येत होता?"

"रोज, आई."