'झी'चा मोठा एस

बोरिवलीत एका डेअरीच्या वरच्या खोलीत मी रविवारी सकाळी जर्मन शिकवते. नवशिक्यांसाठी एक पानाचं नाटक मीच टाइप केलं होतं: बेकरी, एक गिऱ्हाईक, एक विक्रेती. विक्रेती झाली होती आमच्यातली नर्स. जर्मनीत नोकरी मिळवायची म्हणून रात्रपाळी संपवून ती थेट क्लासला यायची. गिऱ्हाईक होते साठीचे काका, तिकडच्या नातवाशी बोलता यावं म्हणून शिकणारे.

त्या दिवशी नाटक सुरू झालं, काका "गुटन टाग", म्हणजे नमस्कार, म्हणाले आणि दार धाडकन उघडलं. नर्सचा नवरा!

"माझ्या बायकोचा भाव विचारणारा कोण रे तो?"

काकांनी बिचाऱ्यांनी हात वर केला. त्याने कॉलर धरून त्यांचं डोकं बाकावर आपटलं. चष्मा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली. नर्स मधे पडली, तर तिला अशी सणसणीत थोबाडीत दिली की ओठच फाटला. ओढणी सरकली आणि दंडावरचे आधीचे काळेनिळे वळही दिसले. माझं डोकंच फिरलं. मी काही गरीब गाय नाही. स्टीलची भरलेली बाटली फेकून मारली, त्याच्या खांद्यात बसली. "ए, हात खाली! पोलिसांना बोलावते, थांब!"

तेव्हा त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. घरी त्याने तिच्या पानाचा फोटो काढून भाषांतर केलं होतं. गिऱ्हाईक: दोन पाव द्या. तुमची किंमत काय? विक्रेती: दोन युरो.

मी मूळ पान काढून पाहिलं. 'वास कोस्टन झी?' त्यातल्या 'झी'चं स्पेलिंग एस-आय-ई. तो एस लहान असला तर 'त्यांची', म्हणजे पावांची, किंमत. मोठा केला की 'तुमची'. मी मोठा टाइप केला होता. आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षर ही भानगडच नाही, आणि आदरार्थी 'झी' मोठा काढा म्हणून महिनाभर पोरांच्या मागे लागलेली मीच शेण खाल्लं होतं.

त्याला समजावलं. तो ओशाळला. "सॉरी काका. सॉरी मॅडम, गैरसमज झाला." मग बायकोकडे वळून म्हणाला, "चल घरी. आजपासून क्लास बंद."

तिला सॉरी नाही! मी शिवीच हासडली, आणि तिच्यापुढे हात जोडले. "चूक माझी गं. माझ्या एका अक्षरापायी तू मार खाल्लास."

ओठावर रुमाल दाबून ती खाली बसली. "मॅडम, गेल्या आठवड्यात भाजीत मीठ जास्त झालं होतं. तेव्हा कुठलं अक्षर चुकलं होतं?" मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी येत नाही. परीक्षा द्यायचीय मला."