मध्यस्थाच्या तोंडाला कुलूप

निवृत्त झालो आणि महिन्याभरातच बायको म्हणाली, "अहो, घरात कोर्ट भरवू नका. कुठंतरी जा बघू." तिचंही खरं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी दोन्ही बाजू ऐकून घ्यायचो. उभा जन्म दिवाणी न्यायाधीश म्हणून गेला, सवय अशी सुटते होय? तेवढ्यात नाशिकच्या न्यायालयात निवृत्त न्यायाधीश आणि जुन्या वकिलांसाठी मध्यस्थीचं प्रशिक्षण निघालं. म्हटलं, चला.

चाळीस तासांचं प्रशिक्षण. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. सरावाच्या लुटुपुटूच्या भांडणात मी झटक्यात निकाल द्यायचो आणि त्या म्हणायच्या, "साहेब, परत निकाल दिलात!" वर्ग हसायचा, मी तडकायचो. एक गोष्ट मात्र त्यांनी डोक्यात पक्की बसवली: पक्षकार एकटा असताना जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगायचं नाही. न्यायाधीशालाही नाही. त्यानंतर काही प्रकरणं स्वतः हाताळायची, मगच मान्यता.

त्यातलंच हे एक. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, दोघे सख्खे भाऊ, वाटणीचा दावा. समोरासमोर बसवलं तर एकमेकांकडे बघेनात. म्हणून वेगवेगळं बोललो.

थोरला म्हणाला, "त्यानं एकदा येऊन 'दादा, चुकलं' म्हणावं. अख्खं दुकान देतो. पण हे त्याला सांगायचं नाही साहेब. माझ्या सांगण्यावरून म्हटलेलं मला नको."

धाकटा तर रडलाच. "दादानं एकदा घरी जेवायला बोलवावं, दावा मागे घेतो. पण तुम्ही सांगू नका. मागून मिळालेलं जेवण गोड लागतं का?"

अरे देवा! दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात आणि कुलूप उघडायची बंदी. परवानगी द्या म्हणून दोघांच्या विनवण्या केल्या. आडून आडून विचारलं, पुन्हा तारीख घेतली, पुन्हा समोरासमोर बसवलं. दोघंही हटून बसलेले. जन्मभर हुकूम सोडलेला माणूस मी, हात चोळत बसलो. शेवटी न्यायालयाला अहवाल पाठवला: तडजोड झाली नाही. कारणसुद्धा लिहायचं नसतं.

मला मान्यता मिळाली. बाईंनी पाठ थोपटली, "गोपनीयता कशी पाळावी ते साहेबांकडून शिका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे दुकानाची वाटणी झाली, मधे भिंत आली. दोनेक वर्षांनी थोरला घर शोधत आला. डोकं भादरलेलं. धाकटा हार्ट अटॅकनं गेला होता. मी पाणी दिलं. ते तसंच हातात धरून तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तो तुमच्याजवळ काय बोलला होता? माझ्याबद्दल काही बोलला का?"

ज्याची परवानगी हवी होती, तो आता कुठून देणार होता?

"दादा," मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही."

तो मान हलवून उठला. "म्हणजे वाईटच बोलला असणार," म्हणाला आणि जिना उतरून गेला.