पोरीच्या खात्यावरचा पहारा

आमचे हे गेले त्या हिवाळ्यात मी पोरीले सांगितलं, बाबाले अटॅक आला. दहा वर्षांच्या पोरीले दुसरं काय सांगणार? पण गावच्या एका बातम्यावाल्यानं सगळं व्हिडिओत टाकून ठेवलं होतं. आधी अकोल्याच्या कापूस बाजारात यांनी बोंडअळीवर दिलेली मुलाखत, मग आमचं दार, मग मी. शीर्षकात मरणाचं खरं कारण ठसठशीत: आत्महत्या.

शाळेनं अभ्यासाले टॅब घ्यायले लावला तेव्हा मी चवताळून कामाले लागले. पोरीचं खातं माझ्या खात्याच्या देखरेखीखाली उघडलं. वयाची सर्वांत खालची पातळी निवडली. तिले व्हिडिओ टाकता येत नव्हता, कुठं काही लिहिता येत नव्हतं. ते मलेही नकोच होतं, बरंच झालं. पण यांचं नाव लिहून यांचे सगळे व्हिडिओ बंद होत नाहीत. चॅनल बंद करता येतं, माणूस नाही. मी पोरीच्या खात्यावर त्या बातम्यावाल्याचं चॅनल बंद केलं. मग दुसऱ्यानं तोच व्हिडिओ उचलून टाकलेला सापडला, तेही चॅनल बंद केलं. मेल्यांनो, दुसरी बातमी नाही का तुम्हाले? रोज टॅबवर तिनं काय पाहिलं ते तपासायची. रांगोळी, मांजरं, अपूर्णांक. मी निवांत झाले.

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी जेवणं झाली की पोरगी त्यांच्या फोनवर कापसाचे भाव लावून द्यायची. आजा ऐकता ऐकता झोपी जायचा, नात शेजारी बसून राहायची. गुणाची पोर, असं मी शेजारणीले सांगायची.

एकदा सकाळी पोरगी शाळेत होती. सासरे म्हणाले, "सुनबाई, भाव लावून दे व." फोन उघडला तर भावांच्या व्हिडिओखालीच आमचे हे, तीच मुलाखत. चित्राखाली लाल रेघ, जिथवर पाहिलं तिथवर. रेघ अर्ध्यातच थांबलेली. माझा सगळा पहारा पोरीच्याच खात्यावर होता. आज्याच्या खात्याले कोण विचारतं!

संध्याकाळी तिले धरलं. आज्याचा फोन तिच्यापुढं केला.

"काहून पाहतेस ते?"

"बाबाचा आवाज हाये त्याच्यात."

"मंग सगळं पाहिलं तू?"

"एकदाच. आता बाबा बोलते तेवढंच पायते. मंग बंद करते."

"काहून?"

ती दप्तराचा बंद ओढत राहिली.

"पुढं तू रडून राह्यली. ते नाई पाहवत मले."