सहावा लाभ

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील कबनूरला यंत्रमागावर कामाला होते आणि कामगारांच्या सभेची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, त्याच कागदाची वह्यांना कव्हरं घातली. "जागे व्हा" हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकले असणार. त्यामुळे लिहायचं म्हणजे कुणाला तरी जाब विचारायचा, असं माझं लहानपणापासूनचं मत होतं.

कोल्हापूरच्या एका उपनगरातल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा हे मत बरोबर घेऊनच गेले. दुसऱ्याच वर्षी मुख्याध्यापकांनी मला स्नेहसंमेलन समितीची सचिव केलं.

"मॅडम, तुमचं मराठी धारदार आहे," सर म्हणाले. "प्रायोजकाचं पत्र तुम्हीच लिहा. क्लासवाल्यांना पाठवायचंय. यंदा मुख्य प्रायोजक म्हणून. मंडप, साऊंड आणि लाईटचा भार त्यांनी उचलला तर पोरांकडून एक रुपया घ्यायला नको."

ते शेवटचं वाक्य मला पटलं. मागच्या वर्षी नाचाच्या कपड्यांचे पैसे नाहीत म्हणून दोन मुली गॅदरिंगच्या दिवशी आजारी पडल्या होत्या. क्लास म्हणजे हमरस्त्यावरची दहावी-बारावीची मोठी शिकवणी, दोन मजली, काचेची. तिचा संचालक आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी.

सरांनी मागच्या वर्षीच्या पत्राची फाईल दिली. मी दोन संध्याकाळी पहिल्या परिच्छेदावर घालवल्या. शाळेची मुलं कोणत्या घरांतून येतात, रंगमंचावर उभं राहिल्यावर त्यांचा कणा कसा ताठ होतो, समाजाचं शाळेशी नातं काय, असं सगळं. सरांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "हे वाचून मीच पैसे देईन की!"

त्याखाली "आपणास मिळणारे लाभ" असा भाग होता. तो मला किळसवाणा वाटला. मदतीच्या बदल्यात काय काय मिळेल याची यादी करायची म्हणजे दुकानच. त्यावर विचार करायचीही मी तसदी घेतली नाही. जुन्या फाईलमधली यादी जशीच्या तशी टाईप केली. मंचामागच्या फ्लेक्सवर नाव आणि बोधचिन्ह. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर जाहिरात. निवेदनात तीन वेळा उल्लेख. फाटकाशी स्टॉल. बक्षीस वितरण आपल्या शुभहस्ते. आणि सहावा. टाईप करताना माझी बोटं चालली, डोकं चाललं नाही. सरांची सही, खाली सचिव म्हणून माझी, शाळेचा शिक्का, जावक क्रमांक. पत्र गेलं.

तीन दिवसांनी होकार आला. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम संचालकांनी परस्पर दिली. शाळेत पेढे वाटायचंच काय ते बाकी होतं.

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत संचालकांचा फोन आला.

"मॅडम, पत्र एक नंबर लिवलंय बघा. आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं मी. आता तेवढी यादी पाठवा की."

"कसली यादी?"

"नववी-दहावीच्या पालकांची. नाव, मोबाईल, पत्ता. तुमच्याच पत्रात हाय की, सहावा मुद्दा. आज संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर टाका, म्हणजे उद्या सकाळी फ्लेक्स छापायला सोडतो."

मी फाईल उघडली. "६. इयत्ता नववी व दहावीच्या पालकांची संपर्क यादी उपलब्ध करून देण्यात येईल." खाली माझी सही, शाईत, लपेटदार.

मागच्या वर्षीची पालकसभा डोळ्यांपुढे आली. एक रिक्षावाले पालक उभे राहून ओरडले होते, "आमचा नंबर ह्या क्लासवाल्यास्नी दिला कुणी? सवारी असली तरी फोन, जेवाया बसलो तरी फोन! तुमच्या पोराचं वाटोळं हुईल म्हणत्यात!" त्या फोनच्या भीतीनं त्यांनी पोराचं नाव क्लासात घातलं होतं आणि हप्ते थकल्यावर पोरगा दिवाळीनंतर जायचा बंद झाला होता. त्या सभेत सगळ्यांत मोठ्यानं बोलले होते ती मी. "हे कोणी केलं ते शोधून काढलंच पाहिजे," असं मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते. समोर बसलेले सर तेव्हा पाणी प्यायले होते.

उत्तर त्या फाईलमध्ये होतं आणि ते मी स्वतः पुन्हा टाईप केलं होतं.

यादी माझ्याच लॅपटॉपवर होती. दहावीचे बोर्डाचे फॉर्म मीच भरले होते. एक बटण दाबायचं होतं.

सरांच्या खोलीत गेले. "सर, हे देता येणार नाही."

"बसा आधी."

"पालकांनी नंबर शाळेला दिलेत. मुलगा आजारी पडला तर कळवायला. विकायला नाहीत."

"विकायला?" सरांचा आवाज चढला. "एक रुपया माझ्या खिशात आला का? आं? तुमच्या त्या कोळीगीताच्या पोरींच्या साड्या कुठनं येणार आहेत, सांगा! दरवर्षी हाच मुद्दा असतोय, सगळ्या शाळांच्यात असतोय."

"मग मागच्या वर्षी सभेत का नाही सांगितलंत?"

बाहेर घंटा झाली, पोरं वर्गांत पळाली. सरांनी दार लोटून घेतलं. मग हळू म्हणाले, "सही तुमचीबी आहे, मॅडम. त्यांनी पैसे दिलेत. आता मागं फिरलं तर शाळेचा शब्द गेला."

हे खरं होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी ओरडून बोलू शकेन अशी एकही जागा त्यात उरली नव्हती.

वडिलांना फोन केला. वाटलं होतं, ते म्हणतील, लढ. सगळं ऐकून ते म्हणाले, "तू न वाचता सही केलीस?"

"फक्त खालचा भाग..."

"खालचा भागच वाचायचा असतो, बाळा. वरचं भाषण कोणबी करतंय. आम्ही पत्रक काढायचो तेव्हा वरच्या घोषणेवर कधी भांडण झालं न्हाय. मागण्यांवर रात्र जायची." मग म्हणाले, "जा आणि समोर सांग. फोनवर न्हाय."

शेवटचा तास सुटल्यावर मी सरांपुढे नवं पत्र ठेवलं. मोजक्याच ओळी होत्या. संदर्भ, आमच्या पत्राचा जावक क्रमांक. सदर पत्रातील लाभ क्रमांक सहा नजरचुकीने नव्हे, तर विचार न करता समाविष्ट झाला होता. पालकांच्या संमतीशिवाय त्यांचे क्रमांक देण्याचा शाळेला अधिकार नाही. तो रद्द समजावा. त्याऐवजी स्टॉलवर वही ठेवावी, ज्यांना हवे ते पालक स्वतः क्रमांक लिहितील. हे मान्य नसल्यास शाळा मंडपाची आगाऊ रक्कम परत करेल.

"परत? कुठनं?" सर म्हणाले.

"कार्यक्रम दुपारी मैदानात घेऊ. शाळेचा स्पीकर आहे."

"तो खरखरतोय."

"खरखरू दे."

सरांनी "विचार न करता" या शब्दांवर पेन टेकवलं. खोडणार असं वाटलं. बराच वेळ पेन तिथंच होतं. मग त्यांनी न खोडता खाली सही केली, शिक्का स्वतः मारला आणि म्हणाले, "मी येत नाही. तो माझा विद्यार्थी आहे. त्याच्यापुढं मला हे जमणार नाही."

त्याच संध्याकाळी क्लासच्या काचेच्या केबिनमध्ये संचालकांनी पत्र वाचलं. एकदा, मग परत एकदा. फ्लेक्सवाला बाहेर बसला होता.

"मॅडम, मी पैसे दिले ते कशापायी? तुमच्या पहिल्या परिच्छेदापायी?"

"माझी चूक आहे. पत्रात लिहिलंय तसं."

"चूक! आता पैसे गेल्यावर चूक? उद्या मी म्हणतो, मंडपबी चुकून दिला."

"म्हणा. मान्य आहे. पैसे परत येतील."

"ह्या शाळेत मागल्या बाकावर बसलोय मी. मला कुणी फोन केला नव्हता, शिक म्हणून! आम्ही फोन करतो म्हणून शंभरातली चार पोरं तर शिकत्यात."

"आणि मागच्या वर्षी दिवाळीला सोडून गेला त्याचं काय? त्याच्या वडिलांना तुम्ही काय सांगितलं होतं फोनवर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते आता ओरडतील, आणि मीही ओरडेन, अशी माझी तयारी झाली होती. पण त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं.

"मी न्हाय सांगत. फोनवरच्या पगारी पोरी सांगत्यात," ते म्हणाले. "मंडप ऱ्हाऊ दे. मीबी ह्याच शाळेचा हाय. साऊंड, लाईट मात्र तुमचं तुम्ही बघा. आणि मुख्य प्रायोजक न्हाय, नुस्तं प्रायोजक लिवा. स्टॉल फाटकाच्या आतल्या बाजूला पायजे, बाहेर न्हाय."

"बक्षीस वितरण?"

"ते मी करणारच. आईला सांगून ठेवलंय की."

गॅदरिंग दुपारी दोनला सुरू झालं. उन्हात मंडपाचं कापड तापलं होतं, स्पीकर खरखरत होता, आणि कोळीगीतातल्या पोरींनी आपापल्या आयांच्या साड्या नेसल्या होत्या. मी स्टॉलपाशी उभी होते. वही उघडी होती, पेन सुतळीनं बांधलेलं. मला मनातून वाटत होतं की पान कोरं राहावं. तसं झालं नाही. लोक येऊन लिहीत होते, काही जण कशासाठी ते विचारूनही.

खानावळीत भाकऱ्या करणाऱ्या एक ताई रांगेत होत्या. त्यांनी पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, हे लिवलं की फोन येणार न्हवं?"

"येणार."

"रोज?"

मला वाटलं, सांगावं त्यांना, नका लिहू. तेवढं एकच वाक्य मी गिळलं. "बहुतेक रोज," मी म्हणाले. "नको वाटलं तर लिहू नका, आणि नंतर बंद करा म्हणायचाही हक्क आहे तुम्हाला."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग आमच्या ह्यांचाच नंबर लिवते," त्या म्हणाल्या. "दिवसभर पारावर बसत्यात. कुणाशी तरी बोलतील की!"

मागं उभे असलेले संचालक खोकल्यासारखं हसले. ताई आकडे एकेक करून, ओठ हलवत, लिहीत होत्या. मी वही धरून ठेवली, कारण वाऱ्यानं पान उडत होतं.