पूर्ण आकड्यातला पगार

आमच्या कर्जविभागातल्या एका साहेबांना सगळे रेडिओ म्हणायचे, कारण खात्याचा उतारा ते मोठ्याने वाचत. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या नजरेतून परत गेलेला एक हप्ता निसटला होता आणि पुढे ते कर्ज बुडालं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे तर फुंकरही मोठ्याने मारायचे. "डोळा चुकतो, कान चुकत नाही," असं म्हणायचे. शेजारच्या टेबलावर बसून मी चार वर्षं हे ऐकलं आणि बऱ्याचदा वैतागले.

पण काम शिकले ते त्यांच्याकडूनच. शिल्लक किती हे बघायचंच नाही, हप्त्याच्या आदल्या दिवशी किती उरते ते बघायचं. दंड लागलाय का? दुसरे हप्ते किती जातात? सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर गेले, तर फाईल तिथंच मिटायची.

त्या दिवशी एक नवरा-बायको घरासाठी आले. तो एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, ती घरी शिवणकाम करायची. जागेचा विसार भरून झाला होता आणि महिनाअखेरीस कर्ज मंजूर झालं नाही तर तो बुडणार होता. विसारात तिच्या शिलाईचे सात वर्षांचे पैसे होते. हे तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. खात्याचा उतारा सहा महिन्यांचा होता, पगाराच्या पावत्या मात्र जुन्या तीनच होत्या. "बाकीच्या यायच्यात," तो म्हणाला.

रेडिओ सुरू झाला. पहिला महिना, तीस तारीख, कारखान्याकडून पगार, एकेचाळीस हजार तीनशे सत्त्याऐंशी. भाडं, वीज, शाळेची फी. दुसऱ्या महिन्यात चाळीस हजार एकशे बारा.

"तेव्हा एक खाडा झाला होता, ताप आला होता ह्यांना," बायको म्हणाली. तिला मजा येत होती. आपला संसार कुणीतरी असा नीट वाचून दाखवतंय, याचंच तिला कौतुक. दंड कुठेच नव्हता. "हिशेब चोख आहे, ताई," असं रेडिओनं म्हटल्यावर ती नवऱ्याकडे बघून हसली. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

तिसरा महिनाही सरळ गेला. "चौथा महिना, बारा तारीख, कारखान्याकडून, फुल अँड फायनल, एक लाख एकतीस हजार दोनशे चाळीस. तेरा तारीख, एका खासगी खात्यावर एक लाख तेवीस हजार. तीस तारीख, त्याच खात्यावरून, पगार, एकेचाळीस हजार..."

इथं ते थांबले. मी मान वर केली. खरा पगार असा पूर्ण आकड्यात कधी येत नाही. काही ना काही कापलं जातंच, शेपटाला सुटे रुपये लटकतातच. पाचव्या आणि सहाव्या महिन्यातही तेच असणार, हे मला न बघता कळलं. 'पगार' हा शब्द पाठवणाऱ्यानं हाताने टाईप केला होता.

मला रेडिओचा भयंकर राग आला. चार ओळी पुढे नजर टाकायला काय झालं होतं या माणसाला?

"फुल अँड फायनल म्हणजे?" बायकोनं विचारलं.

रेडिओनं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"नोकरी सुटल्यावर कारखाना सगळा हिशेब चुकता करतो, ते," शेवटी नवराच म्हणाला. "दुसरी लागेल असं वाटलं होतं गं. घर हातात यायच्या आत."

तीन महिने त्यानं तिला थांगपत्ता लागू दिला नव्हता. आपलेच पैसे एका मित्राकडे ठेवून पगार म्हणून परत घेत होता.

रेडिओनं उतारा मिटला. "ताई, हे मला पुढे पाठवता येणार नाही. उत्पन्नच नाही, हप्ता कशातून जाणार?" आवाज अगदी बारीक झाला होता. "माझं चुकलं. मी मनात वाचायला हवं होतं."

"नाही," ती म्हणाली. "उरलेलं वाचा."

"अगं, चल ना घरी."

"वाचा साहेब. मला ऐकायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी कागद उघडला आणि वाचायला लागले. सोमवार, बस स्टँड, चहा, दहा. मंगळवार, बस स्टँड, चहा, दहा. बुधवार, बस स्टँड, चहा, दहा. गुरुवार, चहा, दहा. भाडं, वीज, फी सोडली तर दुसरा खर्चच नव्हता.

ती नवऱ्याकडे वळली. "मी रोज सकाळी सहाला उठून डबा करून देत होते," ती म्हणाली. "तो कुठं बसून खायचात?"

"फलाट नंबर चारवर," तो म्हणाला. "तिथं बाक आहे."