राजाभाऊंची लाल रेघ

झाशीजवळ एरचकडे उन्हाळ्यात बेतवा नदी इतकी सावकाश वाहते, की ती चालली आहे की बसली आहे हे पाण्यात काडी टाकल्यावरच कळतं. राजाभाऊ टेंबे त्याच चालीचे. जिना चढताना मध्येच थांबून ते कठड्याकडे बघत. दम लागला म्हणून नाही, कठडा ओळंब्यात आहे की नाही हे पाहायला.

आजोबा रेल्वेबरोबर झाशीला आले, वडील रेल्वेत राहिले, आणि राजाभाऊंनी रेल्वेच्या नकाशाघरात उभा जन्म काढला. मोरी, पूल, फलाट, क्वार्टरं, सगळं त्यांच्या पट्टीखालून गेलं. तिथला नियम सोपा होता. जे आहे ते काळ्या रेघेत, जे करायचं आहे ते लाल रेघेत. जागेवर लिंबाचं झाड असेल तर लिंबाचं झाड काढायचं. साहेबाला आवडो न आवडो, आहे ते नकाशातून पुसायचं नाही. हा नियम राजाभाऊंच्या हाडात इतका मुरला होता, की बायकोच्या, माधुरीताईंच्या, माहेरच्या लग्नातला फोटो पाहूनही ते म्हणाले होते, "यात मांडवाचा चौथा खांब आलाच नाही."

नोकरीत असताना रेल्वेच्या क्लबात ते तबला शिकले. निवृत्तीनंतर सगळं सुटलं, तबला तेवढा राहिला. कल्याणी नावाची नागपूरची एक नर्स आणि तिच्या ओळखीतले तिघे लॅपटॉपवर त्यांच्याकडे शिकू लागले. बरोबर वाजवणं नेटवर जमत नाही, आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून राजाभाऊ आधी वाजवत, मग थांबत, मग समोरून उत्तर येई. त्या थांबण्यात त्यांचा चेहरा असा होई, जणू दूरच्या गाडीची शिट्टी ऐकताहेत.

टेंब्यांचं घर भाड्याचं. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर पहिला फ्लॅट आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टला चिकटलेली एक कोठी, दोन्ही पुण्याच्या अमोघ नावाच्या मालकाची. तबल्याचा आवाज भिंतीतून येतो अशी कुरबुर झाली, तेव्हा सेक्रेटरी पटैरियाजींनीच सुचवलं की क्लास कोठीत हलवा. राजाभाऊंनी हलवला. पण राउटर घरात आणि कोठीची भिंत लिफ्टची, काँक्रीटची. वायफाय तिथवर जाता जाता धापा टाकू लागलं. मोबाइलचं नेट त्याहून वाईट. नवीन कनेक्शन मागितलं तर कंपनीचा माणूस म्हणाला की खालच्या पेटीत जागाच उरलेली नाही. धा धिं धिं धा मधला एक धिं नागपूरला पोचायचा, दुसरा वाटेत बसून राहायचा.

कल्याणी फार गोड बोलणारी. एका रविवारी ती म्हणाली, "काका, आमचं काही नाही, पण तिघांना इथेच एक गुरुजी मिळताहेत. जूनपर्यंत नेट सुधारलं तर आम्ही आहोतच."

राजाभाऊंनी डग्ग्यावर कापड घातलं, आणि त्या दिवशी जेवताना भाताला चव नाही म्हणाले. माधुरीताई समजल्या. भात रोजचाच होता.

उपाय साधा होता. राउटरपासून कोठीपर्यंत इथरनेटची एक वायर ओढायची. मजल्यावरच्या कुणीही माणसाने दुपारी इलेक्ट्रिशियन बोलावून ती ठोकून टाकली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण कॉरिडॉर सगळ्यांचा. राजाभाऊंनी अर्ज लिहिला. हिंदीत, वळणदार अक्षरात. त्याचा आशय असा:

"मी भाडेकरू असल्याने मालकांचं संमतिपत्र सोबत जोडलं आहे. इथरनेटची एक वायर दारांच्या चौकटींच्या वरून, पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत बंद करून नेण्याची परवानगी मिळावी. ती विजेच्या वायरींपासून वीतभर दूर राहील, जमिनीवरून कुठेही जाणार नाही, आगीच्या नळाच्या पेटीला अडथळा करणार नाही. खर्च माझा. घर सोडताना वायर काढून भोकं बुजवून देईन. जागेचा नकाशा सोबत आहे."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ शेवटच्या वाक्यात होता.

नकाशा पाहून माधुरीताई म्हणाल्या, "अहो, फक्त वायर दाखवा की. बाकीची ही जत्रा कशाला?"

"जागेवर आहे ते दाखवावं लागतं," राजाभाऊ म्हणाले, आणि खोडरबर डब्यात ठेवून झाकण लावलं.

कमिटी रविवारी सकाळी खालच्या ऑफिसात बसली. समोसे आले, चहा आला, आणि टेबलावर नकाशा उलगडला गेला. एक नाजूक लाल रेघ, आणि तिच्या आजूबाजूला काळ्या रेघांचं जंगल. शेजारच्या खरे यांच्या चपलांचा रॅक, अर्धा आगीच्या नळाच्या पेटीसमोर. लोणच्याच्या बरण्यांचं फळकुट. कुणाची चाक नसलेली सायकल. खरे यांच्या घरातल्या म्हाताऱ्या अम्माजींची खुर्ची. आणि छताखालून पटैरियाजींच्या दारापर्यंत गेलेली, कूलरमध्ये पाणी भरायची रबरी नळी, तिच्या तिन्ही गाठींसह.

पटैरियाजी मोठे कायदेपंडित. त्यांचं बोट नकाशावर चपलांवरून बरण्यांवर, बरण्यांवरून सायकलवर मजेत फिरत आलं आणि नळीपाशी थांबलं.

"यह क्या है, टेंबेजी?"

"आपकी नली है जी," राजाभाऊ अभिमानाने म्हणाले. नळी त्यांनी फार सुरेख काढली होती.

खरे यांच्या सूनबाई सलोनी कमिटीवर होत्या. त्यांनी अर्धा समोसा बशीत परत ठेवला. "दादाजी, शिकायतच करायची होती तर सरळ करायची. वायरच्या आडून कशाला?"

राजाभाऊंनी समजावून पाहिलं की काळी रेघ म्हणजे तक्रार नव्हे, काळी रेघ म्हणजे फक्त आहे. कुणालाच ते पटलं नाही. खजिनदार म्हणाले की आता हे कागदावर आलं, म्हणजे कमिटीला डोळे मिटता येत नाहीत. ठराव झाला: कॉरिडॉर आधी पूर्ण मोकळा करावा, वायरचं नंतर बघू.

आठवड्यात तिसरा मजला नव्या शाळेसारखा मोकळा झाला. चपला घरात गेल्या, बरण्या पलंगाखाली गेल्या, सायकल भंगारात. पटैरियाजी स्वतःच्या ठरावाला जागणारे गृहस्थ, भर मे महिन्यात बादलीने कूलर भरू लागले. बादली हिंदकळे, ते पाण्याकडे आणि मग टेंब्यांच्या दाराकडे बघत. राम राम बंद झाला. सलोनीभाभींकडून शनिवारी येणारी कढी बंद झाली, आणि राजाभाऊंना ती कढी फार आवडे.

वायर तर नाहीच आली. राजाभाऊ कोठीत जाऊन नुसतेच बसत. डग्ग्यावरचं कापड काढत नसत.

मग एका सकाळी सलोनीभाभींच्या सासूबाई, अम्माजी, कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला हात लावत उभ्या राहिल्या. त्यांना ऐकू कमी येई. पण कोठीच्या भिंतीला खुर्ची टेकून बसलं, की डग्गा पाठीत वाजतो, असं त्या सांगत. रोज त्या तशाच बसत, आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत.

"हमाई कुर्सी कितै धर दई?" खुर्ची कुठे ठेवली, असं त्यांनी त्यांच्या बुंदेलीत विचारलं. आणि मग, तबला का वाजत नाही म्हणून भिंतीवर तळवा दाबून, "और जौ काए नईं बज रओ?"

राजाभाऊ घरी आले, पाणी प्याले, खिडकीशी उभे राहिले.

माधुरीताई कैऱ्या किसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता काढा की नकाशा. काळं करायला काही ठेवलंय का जागेवर?"

राजाभाऊ वळले. त्यांच्या चेहऱ्यावर नागपूरची शिट्टी ऐकू आल्याचा भाव आला.

"नाही ठेवलं," ते म्हणाले. "काही म्हणजे काहीच नाही."

दोन दिवस ते टेबलावरून उठले नाहीत. मग नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन आधी खरे यांचं दार वाजवलं. सलोनीभाभींनी दार अर्धंच उघडलं. राजाभाऊंनी उंबऱ्यातच नकाशा धरला. भिंती आणि दारं काळी. बाकी सगळं लाल. चपलांचा रॅक लाल, आता नळाच्या पेटीपासून दूर. बरण्यांचं फळकुट लाल, एकाच भिंतीला, जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवून. पटैरियाजींची नळी लाल, आणि यावेळी गाठींशिवाय. अम्माजींची खुर्ची लाल. या सगळ्यांच्या वरून, कुणालाही न शिवता, वायरची रेघ.

"हे आता मजल्यावर नाही," राजाभाऊंनी सांगितलं. "म्हणून लाल. लाल म्हणजे आपण मागतोय. मी एकटा नाही, सगळे."

भाभींनी नकाशातल्या खुर्चीवर बोट ठेवलं. "खुर्चीला हात पण काढलेत तुम्ही."

"आहेत ना तिला."

भाभींनी दार पूर्ण उघडलं आणि आत पेन आणायला गेल्या.

मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. शेवटचं दार पटैरियाजींचं. ते बादली घेऊनच बाहेर आले. नकाशा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. सेक्रेटरी म्हणून त्यांनी विचारायचं ते विचारलं: वाट किती मोकळी राहते, पेटी झाकली तर जात नाही, नळी ठिबकली तर पाणी वायरवर येईल का. राजाभाऊंनी दाखवलं की नळी समोरच्या भिंतीने नेली आहे. पटैरियाजींनी बादली खाली ठेवली.

"टेंबेजी," ते म्हणाले, "पिछली बार भी लाल ही बना देते."

"तब थी ना जी," राजाभाऊ म्हणाले.

पटैरियाजी हसले नाहीत. पण सही करून त्यांनी नळीच्या लाल रेघेवरून एकदा बोट फिरवलं, एखादी गाठ राहिली नाही ना हे पाहायला.

पुढच्या रविवारी ठराव मंजूर झाला. इलेक्ट्रिशियनने चौकटीवर भोक पाडलं, वायर ओढली, दोन्ही टोकांना प्लग बसवले, पट्टी दाबून बंद केली. एक टोक राउटरला, एक लॅपटॉपला. राजाभाऊंनी डग्ग्यावरचं कापड काढलं. वाजवलं आणि थांबले. नागपूरहून चारी जणांचं उत्तर आलं, एकामागून एक, एकही धिं वाटेत न बसता. कल्याणी काहीतरी म्हणायला लागली. राजाभाऊंनी हात वर करून तिला थांबवलं आणि तबल्याचा पुढचा कायदा वाजवला. भिंतीपलीकडे अम्माजी परत आलेल्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. शनिवारी कढी आली.

काम पूर्ण झालं की लाल रेघा काळ्या करायच्या, हाही नकाशाघराचा नियम. राजाभाऊंनी एका दुपारी शाई घेतली. रॅक काळा केला, फळकुट काळं केलं, नळी काळी केली, वायर सगळ्यात शेवटी, श्वास रोखून.

माधुरीताईंनी खांद्यावरून पाहिलं. "खुर्ची राहिली की लालच."

"ती उन्हाबरोबर हलते," राजाभाऊ म्हणाले, आणि शाईच्या बाटलीचं बूच लावलं. "तिचं काम अजून चालू आहे."